उत्कृष्ट कर्मचारी पुरस्कार: सन्मानपत्रावरच्या चार ओळी कशा लिहाव्यात

नाव, हुद्दा, विभाग आणि वर्ष हे सगळं सन्मानपत्राच्या वरच्या भागात येतं. ते आस्थापना विभागाच्या नोंदीवरून उतरवून घ्या, ऐकीव माहितीवर लिहू नका. इथे मी बोलणार आहे त्याखालच्या चार ओळींबद्दल. निवेदक त्या व्यासपीठावरून वाचतो आणि नंतर त्या त्या माणसाच्या घरी भिंतीवर राहतात.

लांबी आधीच ठरवून टाका. चाळीस ते पन्नास शब्द पुरतात. सावकाश वाचायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढा वेळ सभागृह लक्ष देऊन ऐकतं.

खरी अडचण मजकूर कुठून आणायचा ही आहे. सुरुवातीची काही वर्षं मी विभागप्रमुखांना विचारायचो, "त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगा." उत्तर ठरलेलं असायचं: प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, मनमिळाऊ आहे. मी ते नीट मराठीत बसवून द्यायचो. एका वर्षी कार्यक्रमात दोन विजेत्यांचे कागद अदलाबदल झाले. स्टोअर्सच्या माणसाचा मजकूर लेखा विभागातल्या बाईंच्या नावावर वाचला गेला आणि समोरच्या दीडशे माणसांपैकी एकालाही ते कळलं नाही. त्या दोघांनाही कळलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. वर्षभराच्या कामाबद्दल मी दोघांना असा कागद दिला होता, जो कुणाच्याही हातात चालला असता.

तेव्हापासून "कसा माणूस आहे" हे विचारणं मी बंद केलं. आता तीन प्रश्न विचारतो. ते आठ दिवस रजेवर गेले तर काय अडतं? मागच्या वर्षी नव्हती अशी कुठली गोष्ट त्यांच्यामुळे आज आहे? दुसऱ्या विभागातली माणसं त्यांना फोन करतात, ते कशासाठी? हे प्रश्न फक्त साहेबांना विचारून थांबू नका. त्यांच्यानंतरच्या पाळीवर येणाऱ्या माणसाला आणि त्यांच्या हाताखालच्या हेल्परलाही विचारा. साहेबांना निकाल माहीत असतो, पण तो कसा आला हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला माहीत असतं.

एक उदाहरण देतो. प्रेस शॉपमधल्या एका डाय सेटरसाठी माझ्याकडे शिफारस आली, ती अशी: "अत्यंत कर्तव्यदक्ष व मेहनती कर्मचारी असून आपल्या कार्यातून त्यांनी सर्वांसमोर आदर्श निर्माण केला आहे." यातून काहीच हाती लागत नाही. मी दुसऱ्या पाळीच्या सेटरला गाठलं. तो म्हणाला, "दादांनी डायवर आकडे रंगवले, तेव्हापासून आमची शोधाशोध थांबली."

कसले आकडे? तर प्रत्येक डायची शट हाईट, म्हणजे डाय पूर्ण मिटल्यावर तिची जी उंची होते ती. डाय बदलली की प्रेसचा स्लाइड त्या उंचीला जुळवावा लागतो. आधी हा आकडा एका वहीत असायचा आणि वही कुणाच्या तरी कपाटात. यांनी तो पिवळ्या रंगात डायच्या अंगावरच घातला. मग त्या डायचे बोल्ट, क्लॅम्प आणि पॅकिंगचे ठोकळे एका ट्रॉलीवर ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे मशीन थांबल्यावर पाना शोधत फिरावं लागत नाही.

पुढचं काम पडताळणीचं आणि ते टाळायचं नाही. साहेब म्हणाले होते, "वेळ निम्म्यावर आली." मी उत्पादनाची नोंदवही काढली. आधी डाय बदलायला साधारण सत्तर मिनिटं लागत होती, मार्चपासून तीस ते पस्तीस. म्हणून पस्तीस लिहिलं. आकडा नेहमी हात राखून लिहावा. कारण ऐकणाऱ्यांत रोज त्याच प्रेसवर उभी राहणारी माणसं असतात आणि एक फुगवलेला आकडा ऐकला की बाकीच्या ओळींवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

शेवटी मजकूर असा झाला:

"अडीचशे टनी प्रेसवर डाय बदलण्यास सत्तर मिनिटे लागत. यांनी प्रत्येक डायवर तिची शट हाईट रंगवली, तिचे सर्व साहित्य एका ट्रॉलीवर आणले आणि दोन्ही पाळ्यांतील सेटरना ही पद्धत शिकवली. मार्चपासून हेच काम पस्तीस मिनिटांत होते. ते रजेवर असतानाही."

आधी काय होतं, यांनी काय केलं, त्यानंतर काय झालं, एवढंच यात आहे. विशेषण एकही नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. "सन्मानित करताना व्यवस्थापनास अत्यंत आनंद होत आहे" हे वाक्यही नाही. ते चार ओळींतली एक ओळ खातं आणि व्यवस्थापनाबद्दल बोलतं. परमवीरचक्र मिळालेल्या रामा राघोबा राणे यांचं सन्मानपत्र या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे त्यांनी जखमी असतानाही कसे दूर केले, हे त्यात क्रमाने येतं. शौर्य हा शब्द कामाच्या तपशिलानंतर येतो, म्हणून तो पटतो.

काही कामं अशी असतात की ती नीट झाली तर दिसतच नाहीत. पगारपत्रकं, सुरक्षा, बॉयलर. तिथे "चोख काम" असं लिहून सुटू नका. काय बिघडू शकलं असतं आणि किती वेळा बिघडलं नाही ते लिहा: "वर्षभरात बाराही महिने पगार ठरलेल्या तारखेला; संगणकप्रणाली बदलली त्या दोन महिन्यांतही."

दोन गोष्टी मी कुणी कितीही आग्रह केला तरी लिहीत नाही. पहिली, "एकही रजा न घेता." हक्काची रजा घेणाऱ्या बाकीच्या सगळ्यांना ती नकळत टोचते. दुसरी, घरचं दुःख. वडील गेल्यानंतर चौथ्या दिवशी कामावर आले हे साहेबांना कौतुकाचं वाटतं, पण त्या माणसाला ते सभागृहात ऐकायचं असेल असं धरून चालू नये.

निवेदकाच्या प्रतीत आकडे अक्षरी लिहा आणि "शट हाईट"सारखे शब्द त्याच्याकडून एकदा वाचून घ्या. छपाईचा नमुना स्वतः पाहा, कारण फाँट बदलला की जोडाक्षरं फुटतात.

छपाईला देण्याआधी मजकूर त्या शॉपमधल्या एका जाणत्या माणसाला दाखवा. वरचा मजकूर मी दाखवला तेव्हा हेल्परने सांगितलं की ट्रॉली वेल्डिंगच्या मुलाने बनवून दिली होती. माझ्या कच्च्या मसुद्यात "ट्रॉली तयार केली" असं होतं. तिथे "साहित्य एका ट्रॉलीवर आणले" असं केलं आणि त्या मुलाचं नाव पुढच्या महिन्याच्या सूचना पुरस्कारासाठी पाठवलं.