टाक झिजला म्हणजे जुना नव्हे : वस्तूंवर शोधनिबंध लिहिताना या चुका टाळा

दरवर्षी मार्चच्या सुमारास माझ्याकडे रोजच्या भक्तीवरचे आठ-दहा शोधनिबंध वाचायला येतात. हल्ली पोथ्या सोडून देवघरातल्या वस्तूंवर लिहायची टूम आहे. टूम चांगली आहे, मीही त्यातलाच. पण चुका दरवर्षी त्याच, आणि त्यातली सगळ्यात मोठी मी स्वतः केलेली आहे. तिच्यापासूनच सुरुवात करतो.

टाक आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली कुलदैवतं : घोड्यावर खंडोबा, पुढे म्हाळसा, पायाशी कुत्रा, नाहीतर भवानी, नाहीतर घरातला कोणी वीर. पुरंदर तालुक्यातल्या एका घरात मला खंडोबाचा असा टाक मिळाला की त्यातल्या देवाचं नाक पार गेलेलं, घोड्याची छाती गुळगुळीत आणि म्हाळसा म्हणजे नुसता उंचवटा. पगडीची घडण जुन्या वळणाची. मी खूश. फोटो काढले, मापं घेतली आणि एका परिसंवादात ठोकून दिलं की हा टाक उत्तर पेशवाईतला असावा.

परत गेलो तेव्हा त्या घरच्या आजींना कौतुकाने छापील पान दाखवलं. त्या हसल्याच. "अहो सर, ह्यो आमी येगळं निघालो तवा केला. जुनं देव थोरल्या भावजींकडं गेलं." घर फुटलं १९८३ साली. जुने टाक वडीलकीच्या मानाने थोरल्याकडे राहिले आणि धाकट्याने सोनाराकडून नवे करून घेतले. सोनाराने आजोबांच्या वेळचाच ठसा वापरला, म्हणून पगडी जुनी. झीज कशाची? आजी दर सोमवारी न चुकता टाक घासायच्या, चिंच लावून आणि वरून रांगोळी. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड. तीस वर्षं पातळ चांदीवर ती फिरली तर नाक उरतं कुठे?

यात माझ्या दोन चुका एकात एक अडकल्या होत्या. झीज वय सांगत नाही, घासणं सांगते. आणि घडण टाकाचं वय सांगत नाही, ठशाचं सांगते. एकच ठसा सोनाराच्या घरात दोन-तीन पिढ्या चालू शकतो.

आता मी टाक हातात घेतला की आधी उलटा करतो. मागून पत्र्यात तीच आकृती खोलगट दिसते, आणि हात तिथे फारसा पोचत नाही. पुढचं नाक गेलेलं आणि मागचा खळगा मात्र धारदार असेल, तर पुढून घासलं गेलंय, एवढं नक्की कळतं. काही टाकांना मागे तांब्याचा पत्रा जोडलेला असतो किंवा आत लाख भरलेली असते. तिथे हा उपाय चालत नाही, आणि पत्रा उचकटायचा नाही. मग मोबाइलची विजेरी बाजूने, अगदी आडवी धरायची. गोल-गोल ओरखडे दिसले तर फडक्याने घासलंय. फक्त कपाळापाशीच झीज असेल तर ती बोटाने रोज कुंकू लावल्याची असू शकते. खाचांत हळद-कुंकवाचा थर असेल तर तो टाक पूजेत होता आणि अलीकडे तरी खोलवर घासला गेला नाही. हे सगळं बघून झालं की मगच घरच्यांना विचारायचं, आणि "हे किती जुनं?" असं विचारायचं नाही. त्याला "लई जुनं" हेच उत्तर येतं. "हे कोण घासतं? कशाने? वाटण्या झाल्या तेव्हा कोणाकडे काय गेलं? देव उजळायला सोनाराकडे कधी दिले होते?" या प्रश्नांना माणसं तारखेसकट उत्तरं देतात, कारण ती लग्न, दुष्काळ, बाळंतपण यांना बांधलेली असतात.

कोणाला वाटेल, हा घरगुती वस्तूंचाच घोळ आहे. तसं नाही. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक बसवलेले करंडक आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी समजूत. पेटीत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. आणि करंडकाभोवती मांडलेल्या आठ कांस्यमूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या. म्हणजे कोणीतरी शेकडो वर्षांनी पेटी उघडली, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केली. ज्याला पेटीची 'एक' तारीख हवी असते, त्याच्या हातून नेमका हा दुसरा भक्त निसटतो. तुकडे खरेच बुद्धाच्या पात्राचे का, यावर पानं खर्च करणाऱ्यांचंही तेच होतं. देवघरही असंच असतं. टाक १९८३चा, शाळिग्राम सासूच्या माहेरचा, अन्नपूर्णा सुनेच्या लग्नातली. प्रत्येक वस्तूची तारीख वेगळी लिहा.

दुसरी चुकीची सवय, जिच्यावर माझा खरोखर राग आहे : ताईत उघडणे. "सर, आत काय लिहिलंय ते कळल्याशिवाय विश्लेषण कसं करणार?" असं एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. पोथ्या वाचून आलेल्या माणसाला वाटतं, अर्थ अक्षरांतच असतो. मी नको म्हटलं, तरी त्याने एका घरी गळ घालून पोराच्या दंडावरचा तांब्याचा ताईत उघडवला. आत काय निघालं? लगदा. पोरगं सहा वर्षं ताईत बांधूनच अंघोळ करत होतं. लाखेचा डिंक कधीच सुटलेला, कागद की भूर्जपत्र तेही ओळखू येईना. त्या बाईंनी पुन्हा दर्ग्यावर जाऊन नवा बांधून आणला, कारण उघडलेला ताईत त्यांच्या लेखी मेला होता. आणि या घरी पुन्हा आम्हाला चहाही मिळाला नाही, जे योग्यच झालं.

गंमत म्हणजे लिहिण्यासारखं सगळं बाहेरच होतं. दोरा काळा, पण एका टोकाला नवा, म्हणजे तुटल्यावर जोडलेला. गाठी तीन. पोराच्या दंडाचा घेर वाढला तसा दोरा सैल केल्याच्या खुणा. आणि हिंदू घरातला ताईत दर्ग्यावरून आलेला. एवढ्यावर निबंधाचा चांगला भाग उभा राहिला असता. त्याच्या निबंधात मात्र या साऱ्याला एकच ओळ होती : "ताईत (अंधश्रद्धा)".

बाकीच्या चुका थोडक्यात. जुन्या बाजारातून विकत घेतलेला टाक कुठल्याही घराचा पुरावा नाही. तो बाजाराचा पुरावा आहे. फोटोसाठी देवघर आवरायला सांगू नका. वातींची काजळी, काडेपेटी आणि लाइटचं बिल हीच तर माहिती आहे. सोवळ्यात नसताना वस्तू हातात मागू नका, मागायचीच तर कोण देतंय ते लिहून ठेवा. घरात टाकाला हात लावायची मुभा कोणाला आहे आणि कोणाला कधी नाही, हे त्या देण्या-न देण्यातच कळतं.

आजींना मी नंतर सुधारलेलं पान नेऊन दिलं. त्यांनी ते टाकाखाली अंथरलं. चिंचेच्या पाण्याचे डाग त्यावर पडले, आणि पुढच्या सोमवारी ते बदललंही.