अज्ञानाचा करार: एकच विषय, दोन उत्तरं

कायद्याच्या पेपरात अज्ञानाच्या, म्हणजे सज्ञान न झालेल्या व्यक्तीच्या, करारावर दोन प्रकारचे प्रश्न येतात. सिद्धान्ताचा प्रश्न असा येतो: ‘अज्ञानाच्या कराराचं स्वरूप स्पष्ट करा.’ इथे भारतीय करार अधिनियम, 1872 चं कलम 11 आधी लिहा. मग मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष (1903) या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असा करार मुळातच शून्य का ठरवला ते सांगा. शेवटी कलम 68 मधली जीवनावश्यक वस्तूंची तरतूद आणि तुमचं मत.

समस्येचा प्रश्न वेगळा. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या दुकानातून 17 वर्षांच्या निखिलने महागडा कॅमेरा हौसेखातर उधार घेतला. दुकानदार पैशांचा दावा लावतो. सुरुवात वादाच्या मुद्द्याने करा: निखिलवर कराराची जबाबदारी येते का? नियमाला दोनच ओळी. खरे गुण पुढच्या परिच्छेदाला असतात: निखिल 17 वर्षांचा, म्हणून कलम 11 प्रमाणे अक्षम, म्हणून करार शून्य. हौसेचा कॅमेरा जीवनावश्यक नाही, म्हणून कलम 68 दुकानदाराच्या कामाचं नाही. असतं तरी वसुली निखिलच्या मालमत्तेतून, वैयक्तिक नव्हे. मग एका ओळीत निष्कर्ष: कराराच्या आधारे किंमत वसूल होणार नाही.

बहुतेकजण इथेच पाठ केलेला सिद्धान्त पानभर ओततात. ओळखायची खूण सोपी: परिच्छेदात निखिल, 17 आणि कॅमेरा दिसत नसतील, तर नियम लागू केलेलाच नाही. (हिंदीतून पेपर लिहिणाऱ्यांनी ‘अज्ञान’ नको, ‘अवयस्क’ लिहावं, हिंदीत अज्ञान म्हणजे वेगळंच काही!)