एमडीला काढलं म्हणजे नक्की काय काय संपलं? – सीएस ट्रेनिंगमधला अनुभव

ठाण्यात नौपाड्याला एका प्रॅक्टिसिंग कंपनी सेक्रेटरी मॅडमच्या ऑफिसात मी ट्रेनिंग केलं. त्या काळातली एक फाइल अजून डोक्यात पक्की आहे, कारण त्यातून मला जे कळलं ते पुस्तकात दोन वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये विभागलेलं असतं आणि परीक्षेपुरतं वाचताना त्या दोघांचा संबंध लक्षातच येत नाही. आत्ता ट्रेनिंगला लागणाऱ्यांसाठी लिहितोय.

कंपनी महापे एमआयडीसीतली, पॅकेजिंगची, प्रायव्हेट लिमिटेड. शेअर्स जवळजवळ सगळे एका कुटुंबाकडे आणि एमडी बाहेरून आणलेला, म्हणजे त्याच्याकडे एकही शेअर नाही. करार ५ वर्षांचा, १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२६. (एका वेळी ५ वर्षांपेक्षा जास्त मुदतीला एमडी नेमता येत नाही, कंपनी कायदा २०१३ चं कलम १९६, म्हणून बहुतेक करारात हाच आकडा दिसतो.) कुटुंबाचं आणि त्याचं बिनसलं, आणि ३१ मे २०२४ ला बोर्डाने ठराव केला की आजपासून यांचे एमडी म्हणून अधिकार काढून घेतले.

मॅडमनी मला सांगितलं फॉर्म भरून ठेव. मी DIR-12 उघडला आणि सरळ सेसेशन सिलेक्ट केलं, तारीख ३१ मे. माझ्या डोक्यात हिशोब सोपा होता, माणसाला काढलं ना, मग विषय संपला. मॅडमनी सही व्हायच्या आधी फॉर्म वाचला आणि विचारलं, "अरे, त्यांना डायरेक्टर म्हणून कोणी काढलं? बोर्डाला तो अधिकारच नाही."

इथे थांबून नीट समजून घ्या. त्या एका माणसाचं कंपनीशी तीन पदरी नातं होतं. पहिलं डायरेक्टरपद, जे शेअरहोल्डर्स देतात आणि शेअरहोल्डर्सच काढून घेऊ शकतात. दुसरं एमडीपद, म्हणजे कारभाराचे भरीव अधिकार, हे आर्टिकल्सने, कराराने, बोर्डाच्या किंवा जनरल मीटिंगच्या ठरावाने मिळतात. आणि तिसरा सर्व्हिस करार, ज्यात पगार, मुदत, नोटीस वगैरे असतं. बोर्डाने त्या दिवशी फक्त दुसरं संपवलं होतं. म्हणजे फॉर्ममध्ये सेसेशन नाही, चेंज इन डेसिग्नेशन, एमडीचा साधा डायरेक्टर झाला. माझा फॉर्म तसाच गेला असता तर एमसीएच्या रेकॉर्डला तो कंपनीतून बाहेर दिसला असता आणि प्रत्यक्षात मात्र तो डायरेक्टरच होता, म्हणजे पुढच्या बोर्ड मीटिंगची ७ दिवसांची नोटीस त्यालाही जायलाच हवी होती, आणि रेकॉर्ड बघून काम करणाऱ्याने ती पाठवलीच नसती. नोटीस चुकली की त्या मीटिंगमधल्या प्रत्येक ठरावावर वाद घालायला जागा मिळते.

उलट बाजूने मात्र साखळी आपोआप तुटते. एमडी असायला आधी डायरेक्टर असावं लागतं, व्याख्याच तशी आहे, कलम २(५४). त्यामुळे शेअरहोल्डर्सनी डायरेक्टरपद काढलं की एमडीपदही गेलं. वरून काढलं तर खालचं जातं, खालून काढलं तर वरचं राहतं, मी हे असं लक्षात ठेवलंय.

मग कुटुंबाने डायरेक्टरपदही काढायचं ठरवलं. कलम १६९, साधा ठराव पुरतो, पण त्याला स्पेशल नोटीस लागते, म्हणजे ठराव मांडणाऱ्या शेअरहोल्डरने मीटिंगच्या निदान १४ दिवस आधी कंपनीला कळवायचं. त्याची कॉपी लगेच संबंधित डायरेक्टरला द्यायची, त्याने लेखी म्हणणं दिलं आणि ते मेंबर्सना पाठवायला सांगितलं तर पाठवायचं, आणि मीटिंगमध्ये त्याला बोलूही द्यायचं, तो शेअरहोल्डर नसला तरी. आमच्या क्लायंटला वाटत होतं की ९० टक्क्यांहून जास्त मतं घरातच आहेत तर बोलू द्यायची काय गरज, निकाल ठरलेलाच आहे. मॅडम त्यावर अगदी ठाम होत्या, निकाल ठरलेला असला तरी ऐकून घेणं ही कायद्याची अट आहे आणि ती मोडली तर ठराव टिकणार नाही. त्याने आठ पानी पत्र दिलं, आम्ही ते सगळ्या मेंबर्सना पाठवलं, १५ जुलैला ईजीएम झाली, ठराव पास झाला. आता सेसेशनचा फॉर्म, तारीख १५ जुलै.

आणि आता खरा मुद्दा, करार. १६९ च्या ८ व्या पोटकलमात स्पष्ट लिहिलंय की डायरेक्टरला काढल्यामुळे त्याला करारानुसार किंवा नेमणुकीच्या अटींनुसार मिळणारी भरपाई जात नाही. म्हणजे कंपनीला काढायचा हक्क आहे, फुकट काढायचा नाही. याचं जुनं उदाहरण इंग्लंडचं, सदर्न फाउंड्रीज विरुद्ध शर्लॉ, हाउस ऑफ लॉर्ड्स, १९४०. शर्लॉला १९३३ मध्ये १० वर्षांसाठी एमडी नेमलं, पुढे कंपनी दुसऱ्या ग्रुपकडे गेली, आर्टिकल्स बदलले, आणि १९३७ मध्ये त्याला डायरेक्टरपदावरून काढलं. आर्टिकल्स बदलायचा अधिकार होता, पण १० वर्षांचा शब्द मोडला म्हणून १२,००० पौंड भरपाई द्यावी लागली. त्याच्या विरुद्ध रीड विरुद्ध अ‍ॅस्टोरिया गराज, १९५२. तिथे आर्टिकल्सपेक्षा वेगळा असा करारच नव्हता, म्हणून काढल्यावर भरपाई नाही. दोन्ही एकत्र वाचा, फरक लगेच कळतो.

आमच्या फाइलमध्ये त्याने मागितले ७७ लाख. शेवटचा पगार महिना साडेतीन लाख, उरलेले २२ महिने. पण कलम २०२ प्रमाणे पद गेल्याची भरपाई म्हणून कंपनी देऊ शकते ती रक्कम शेवटच्या पगारावर मोजत नाहीत, पद जाण्याआधीच्या ३ वर्षांच्या सरासरी कमाईवर मोजतात, आणि तीही उरलेली मुदत किंवा ३ वर्षं यातलं जे कमी असेल तेवढ्याचीच. त्याची ३ वर्षांची कमाई ३० लाख, ३६ लाख आणि ४२ लाख, सरासरी वर्षाला ३६, म्हणजे महिन्याला ३ लाख. गुणिले २२, ६६ लाख. आणि फ्रॉड, विश्वासघात किंवा ग्रॉस नेग्लिजन्स सिद्ध असेल तर तेही नाही, आपणहून राजीनामा दिला तरी नाही. म्हणून मीटिंगच्या आधी क्लायंट त्याला "राजीनामा द्या, सन्मानाने जा" म्हणत होता तेव्हा त्याच्या वकिलाने नको सांगितलं होतं, त्याचं कारण मला हे कलम वाचल्यावर कळलं.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते करारातलं एक न लिहिलेलं वाक्य. ३ महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन कोणत्याही बाजूने करार संपवता येईल, एवढं असतं तर विषय साधारण साडेदहा लाखात मिटला असता. करारात फक्त गैरवर्तन झालं तर काढता येईल असं होतं, आणि गैरवर्तनाचा पुरावा कुणाकडेच नव्हता.

त्याला खुर्ची परत मिळेल का, असंही मी मॅडमना विचारलं होतं. अशा व्यक्तिगत सेवेच्या कराराची सक्तीने अंमलबजावणी कोर्ट सहसा करत नाही, पैसे मिळतात. टाटा सन्सच्या प्रकरणात एनसीएलएटीने डिसेंबर २०१९ मध्ये सायरस मिस्त्रींना परत पदावर बसवायचा आदेश दिला होता, तो सुप्रीम कोर्टाने २६ मार्च २०२१ ला रद्द केला, तो निकाल यासाठी जरूर वाचा.

शेवटी दोन्ही वकिलांनी बसून आकडा ठरवला, ६६ च्या आत, कारण मधल्या काळात त्याला तळोज्याला दुसरी नोकरी लागली होती आणि नुकसान कमी करायचा प्रयत्न करणं ही त्याचीही जबाबदारी असते, तिथला पगार धरून वजावट झाली. त्यानंतर आमच्या ऑफिसात एमडीचा कुठलाही ड्राफ्ट करार आला की मॅडम आधी टर्मिनेशनचं पान उघडायच्या, पगाराचं नंतर.