वाय-फाय जोडलं, पण लॉगिनचं पान येत नाही: निघण्याआधीची आणि पोहोचल्यावरची तयारी

हॉटेलचं किंवा विमानतळाचं वाय-फाय निवडलं, फोननं ‘जोडलं’ असं सांगितलं, आणि पुढे काहीच नाही. खोली क्रमांक किंवा मोबाइल नंबर विचारणारं पान येतच नाही. अशा वेळी बहुतेक जण वाय-फाय बंद-चालू करत राहतात किंवा फोन रिस्टार्ट करतात. त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण पुष्कळदा अडथळा आपल्याच फोनच्या एखाद्या सेटिंगमध्ये असतो. ते सेटिंग शोधायचं काम घरीच करून ठेवावं. दमून पोहोचल्यावर, इंटरनेट नसताना, ते शोधणं फार जिवावर येतं.

आधी हे पान मुळात येतं कसं, ते लक्षात घ्या. पुढची सगळी यादी त्यावरच उभी आहे. नव्या वाय-फायला जोडल्याबरोबर फोन आपल्याला न विचारता एका ठरलेल्या पत्त्यावर चौकशी करतो. आयफोन captive.apple.com वरून एक छोटं पान मागतो आणि त्यात ‘Success’ हा शब्द मिळेल अशी अपेक्षा ठेवतो. अँड्रॉइड गूगलच्या एका पत्त्याकडून २०४ क्रमांकाचं कोरं उत्तर मागतो. विंडोज एका मजकुराच्या फाइलमध्ये ‘Microsoft Connect Test’ ही ओळ शोधतो. अपेक्षित उत्तर आलं, तर इंटरनेट मोकळं आहे. त्याऐवजी वाय-फायनं आपलंच पान पुढे केलं, तर इथे आधी लॉगिन करावं लागणार हे फोनला कळतं आणि तो ते पान उघडून दाखवतो.

इथे महत्त्वाचं हे, की वाय-फायला अशी मधेच अडवणूक करता येते ती फक्त साध्या http विनंतीची. https असेल तर दोन्ही टोकांमधलं संभाषण कुलूपबंद असतं. मधल्या कुणी आपलं पान घुसवायचा प्रयत्न केला, तर ब्राउझर ते ओळखतो आणि प्रमाणपत्राचा इशारा देतो किंवा सरळ नकार देतो. म्हणून रोजची मेलची किंवा बातम्यांची साइट उघडून लॉगिनचं पान येईल अशी वाट बघणं व्यर्थ आहे, त्या सगळ्या https वर चालतात. आपल्याला हवी असते वाय-फायला पकडता येईल अशी एकच उघडी विनंती.

तेव्हा निघण्याआधीचं पहिलं काम म्हणजे असे दोन-तीन उघडे पत्ते ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये जतन करणं. बुकमार्क उघडायला इंटरनेट लागत नाही.

```
http://neverssl.com
http://captive.apple.com/hotspot-detect.html
http://www.msftconnecttest.com/redirect
```

सुरुवातीचं `http://` पूर्ण लिहून जतन करा. नुसतं नाव टाइप केलं तर आजचे ब्राउझर आपणहून https लावून बघतात. यातला कुठलाही पत्ता कुठल्याही फोनवर चालतो, अ‍ॅपलचा पत्ता अँड्रॉइडवर उघडायलाही हरकत नाही. ब्राउझरमध्ये ‘नेहमी सुरक्षित जोडणीच वापरा’ अशा अर्थाचं सेटिंग चालू असेल, तर हे पान उघडताना तो इशारा देईल. या एका पानासाठी ‘पुढे जा’ निवडायला अडचण नाही, कारण त्यावर तुम्ही काहीच भरणार नसता. बँकेच्या किंवा मेलच्या पत्त्यावर प्रमाणपत्राचा इशारा आला, तर मात्र पुढे जाऊ नका.

दुसरं काम डीएनएसचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस. लॉगिन होईपर्यंत बरीच वाय-फाय जाळी फक्त स्वतःचा डीएनएस वापरू देतात, बाहेरचा अडवतात. शिवाय लॉगिनच्या पानाचं नावही काही ठिकाणी फक्त आतल्याच डीएनएसला ठाऊक असतं. तुम्ही जाहिराती टाळायला किंवा वेगासाठी कधीतरी स्वतः डीएनएस भरून ठेवला असेल, तर फोन बाहेरच्याच सेवेला विचारत राहतो आणि त्याला उत्तर मिळत नाही.

एक उदाहरण नीट पाहू. समजा, अँड्रॉइड फोनवर ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये `dns.google` हे नाव भरून ठेवलेलं आहे. हे सेटिंग नेटवर्क आणि इंटरनेटच्या भागात असतं आणि त्यात तीन पर्याय असतात: बंद, आपोआप, आणि स्वतः नाव भरणं. ‘आपोआप’ असताना कुलूपबंद डीएनएस मिळाला नाही, तर फोन वाय-फायच्या साध्या डीएनएसवर येतो. नाव भरलेलं असताना तो तसं करत नाही, तोच डीएनएस मिळाला पाहिजे असा हट्ट धरतो. आता हा फोन हॉटेलच्या वाय-फायला जोडला. अँड्रॉइडची स्वतःची चौकशी हे सेटिंग बाजूला ठेवून जाते, त्यामुळे ‘साइन इन करा’ अशी सूचना वर येऊ शकते. पण ती घाईत बोटानं बाजूला सारली गेली आणि मग ब्राउझर उघडला, तर जतन केलेला http पत्तासुद्धा चालत नाही. पडद्यावर `ERR_NAME_NOT_RESOLVED` किंवा `DNS_PROBE` नं सुरू होणारा संदेश दिसतो, आणि कधी प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही अशी सूचनाही येते. यावर उपाय एकच: ते सेटिंग ‘आपोआप’वर न्या, वाय-फाय एकदा बंद करून चालू करा आणि `http://neverssl.com` उघडा. आता नावाचं उत्तर हॉटेलचा डीएनएस देतो, विनंती वाय-फायच्या हाती लागते आणि लॉगिनचं पान समोर येतं.

लॅपटॉपवर हेच काम वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन करायचं. तिथे डीएनएसच्या जागी ८.८.८.८ सारखे आकडे हातानं भरलेले असतील, तर ते ‘आपोआप मिळवा’वर न्या. स्थिर आयपी पत्ता भरलेला असेल तर तोही काढा. आयफोनवर त्या त्या वाय-फायच्या नावाशेजारच्या माहितीच्या खुणेत डीएनएसचा पर्याय असतो.

तिसरं काम व्हीपीएनचं, म्हणजे आपली सगळी ये-जा एका बाहेरच्या सर्व्हरमार्फत कुलूपबंद नेणाऱ्या सेवेचं. तो ‘नेहमी चालू’ असेल आणि व्हीपीएनशिवायची जोडणी अडवण्याचा पर्यायही सोबत निवडलेला असेल, तर एक कोंडी होते: लॉगिनशिवाय व्हीपीएन जोडला जात नाही, आणि व्हीपीएनशिवाय फोन लॉगिनच्या पानाकडे जाऊ देत नाही. हा पर्याय तात्पुरता कसा बंद करायचा ते घरीच बघून ठेवा. कार्यालयाच्या लॅपटॉपवर तो तुमच्या हातात नसतो, त्यामुळे निघण्याआधी तिथल्या आयटी विभागाला विचारा. आयफोनवर आयक्लाउड प्रायव्हेट रिले चालू असेल आणि पान अडत असेल, तर त्या वाय-फायपुरतं ‘आयपी पत्त्याचा माग मर्यादित करा’ बंद करता येतं.

आता पोहोचल्यावरचं. आधी वाय-फायचं अचूक नाव काउंटरवर विचारून घ्या, कारण सारख्या नावाचं जाळं कुणीही उभं करू शकतं. मग मोबाइल डेटा बंद करा. ही पायरी लोक हमखास विसरतात. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. मग तुमचा http पत्ता व्यवस्थित उघडतो, पण विनंती वाय-फायवरून गेलेलीच नसते, त्यामुळे लॉगिनचं पान येणारच नाही. डेटा बंद करा, पण विमान मोड लावू नका. पान ओटीपी मागणार असेल तर एसएमएस यायला हवा. परदेशात तुमच्या सिमवर एसएमएस येतो का, हेही निघण्याआधी बघा.

यानंतर जतन केलेला पत्ता उघडा आणि काय होतं ते नीट वाचा, कारण काय चुकलं ते सांगणारा संदेशच पुढची दिशा दाखवतो. नाव सापडत नाही असं आलं, तर दोष डीएनएसकडे, वरचं दुसरं काम करा. प्रमाणपत्राचा इशारा आला, तर वाय-फाय तुम्हाला लॉगिनकडे वळवायचा प्रयत्न करतंय, पण तुम्ही https पत्ता उघडलाय, http वर या. बराच वेळ नुसतं चाक फिरत राहिलं, तर व्हीपीएन बघा. आणि काहीच हलत नसेल, तर वाय-फायच्या तपशिलात आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर वाय-फायनं तुम्हाला पत्ता दिलेलाच नाही. मग कितीही पानं उघडा, लॉगिन येणार नाही. ते जाळं ‘विसरा’ आणि पुन्हा जोडा. विंडोजवर नवा पत्ता मागायचं काम कमांड प्रॉम्प्टमध्ये या आज्ञांनी होतं:

```
ipconfig /release
ipconfig /renew
ipconfig /flushdns
```

तरीही जमलं नाही, तर त्याच तपशिलात राउटरचा किंवा गेटवेचा पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १०.०.०.१. ब्राउझरमध्ये पुढे http:// लावून तो टाइप करा. काही ठिकाणी लॉगिनचं पान त्याच यंत्रावर असतं आणि थेट उघडतं. सगळीकडे नाही, म्हणून हा उपाय मी शेवटी ठेवते.

पान आलं, माहिती भरली, तरी इंटरनेट नाही, असं झालं तर प्रश्न वेगळा असतो. वाय-फाय तुम्हाला बहुधा मॅक पत्त्यावरून, म्हणजे उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून ओळखतं, आणि आजचे फोन प्रत्येक जाळ्यासाठी वेगळा, बनवलेला मॅक पत्ता वापरतात. लॉगिन झाल्यावर तो बदलायचं सेटिंग छेडलं, तर वाय-फायच्या दृष्टीनं तुम्ही नवीनच कुणीतरी असता आणि एका खोलीला ठरवून दिलेल्या उपकरणांची मर्यादा लवकर भरते. ती भरली असेल, तर काउंटरवर सांगून जुनी नोंद काढून घ्यावी लागते. ब्राउझर नसलेलं एखादं उपकरण जोडायचं असेल, तरीही तिथेच त्याचा मॅक पत्ता द्यावा लागतो. तो त्या वाय-फायच्या तपशिलातून वाचून द्या, डब्यावर छापलेला नको, कारण दोन्ही एकच असतील असं नाही.

लॉगिनच्या पानावर खोली क्रमांक, आडनाव, मोबाइल नंबर इतकंच मागणं स्वाभाविक आहे. मेलचा पासवर्ड मागितला, तर ते पान बंद करा आणि वाय-फायही तोडा.

इंटरनेट सुरू झालं की व्हीपीएन पुन्हा लावा आणि प्रायव्हेट डीएनएसमध्ये आपलं नाव परत भरा. ते भरताच इंटरनेट गेलं, तर हे जाळं ८५३ क्रमांकाचा पोर्ट अडवतंय असं समजा. प्रायव्हेट डीएनएस सहसा त्याच वाटेनं जातो. मुक्काम संपेपर्यंत सेटिंग ‘आपोआप’वर राहू द्या आणि व्हीपीएन चालू ठेवा. बऱ्याच ठिकाणी लॉगिनची मुदत ठरावीक तासांनी संपते आणि पान पुन्हा यावं लागतं, तेव्हा व्हीपीएन क्षणभर उतरवून तोच http पत्ता परत उघडायचा.