रात्री छाती धडधडत जाग आली तर पुन्हा झोप कशी लावावी

आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे आणि घर पंचवटीत. घड लागलेले असताना फेब्रुवारीत आभाळ भरून आलं की रात्री पावणेतीनला माझे डोळे खाडकन उघडायचे. छाती धडधडायची आणि डोक्यात एकच चक्र सुरू व्हायचं: गारा पडल्या तर, व्यापारी फिरला तर, सोसायटीचा हप्ता थकला तर. असं चार हंगाम चाललं. तेवढ्या काळात लोकांनी मला जे सल्ले दिले त्यातले निम्मे तरी त्रास वाढवणारे होते, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी डॉक्टरांकडे जाऊन एकदा ईसीजी, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. छातीत दाब, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणं, थंड घाम, चक्कर येऊन पडणं यातलं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील आणि घाम, थरथर, भूक घेऊन जाग आली, तर आधी ग्लुकोमीटर लावा. साखर ७० च्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. मोठ्याने घोरता आणि गुदमरून उठता असं घरचे सांगत असतील तर दुखणं वेगळं आहे, त्याची तपासणीही वेगळी असते.

हे सगळं ठीक निघालं, तरच पुढचं.

जाग आली की घड्याळ बघू नका. मोबाइल हाताला लागणार नाही इतका लांब ठेवा.

आता श्वास. इथे मी सर्वांत जास्त फसलो. जो तो सांगतो, "मोठे मोठे श्वास घे, शांत वाटेल." मी घ्यायचो. छाती फुगवून दहा-बारा श्वास घेतले की बोटांना मुंग्या यायच्या, ओठ बधिर व्हायचे, डोकं हलकं व्हायचं. मग मला खात्रीच पटायची की हा झटकाच आहे. मागच्या वर्षी माझ्या भाच्याचं तंतोतंत हेच झालं. तो अंबडच्या एका कंपनीत आहे. रात्री तीनला धडधडत उठला, भराभर खोल श्वास घेतले, हात वाकडे व्हायला लागले, घरच्यांनी घाबरून दवाखान्यात नेलं. ईसीजी साफ निघाला. सकाळी मला फोन करून म्हणाला, "मामा, सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग हात का वळले?"

कारण साधं आहे. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्याने मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं गरगरतं. मुंग्या आणि बोटांचं वळणंही त्यातूनच येतं. म्हणजे ज्या श्वासाने शांत व्हायचं, तोच श्वास घाबरवतो. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात. म्हणून भर सोडण्यावर हवा, भरून घेण्यावर नको.

भाच्याला मी जे शिकवलं ते असं. कुशीवर वळा. डाव्या कुशीवर ठोके जास्त जाणवत असतील तर उजवीकडे वळा. तोंड मिटून नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, तोही नेहमीइतकाच, छाती न फुगवता. मग सहा आकडे मोजत सावकाश सोडा. मध्ये रोखून धरू नका. हा एक श्वास साधारण दहा सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटाला सहा. असे तीस श्वास मोजा, साधारण पाच मिनिटं. सुरुवातीच्या आठ-दहा श्वासांत काहीच फरक वाटणार नाही आणि "याने काही होत नाही" म्हणून सोडून द्यावंसं वाटेल. तिथे सोडू नका. धडधड ज्या अॅड्रेनलिनमुळे होते ते रक्तात फार वेळ टिकत नाही. त्याला पुन्हा नवी भीती पुरवली नाही, तर काही मिनिटांत ओसरतं. मोजताना चुकलात तर पुन्हा एकपासून सुरू करा, मागचा आकडा आठवत बसू नका. प्राणायाम येत असेल तर भ्रामरी चालेल, त्यात उच्छ्वास आपोआप लांबतो. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र या वेळी अजिबात नको, मग शिकवणारा कितीही मोठा असो.

दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात उशिरा आली. मला वाटायचं, विचार आले म्हणून छाती धडधडते. पुष्कळदा धडधड आधी सुरू होते आणि विचार तिचं कारण शोधत मागून येतात. पावणेतीनला सोसायटीचा हप्ता हा प्रश्न सुटत नसतो, छातीतल्या आवाजाला फक्त एक नाव मिळतं. म्हणून त्या विचारांना उत्तरं देऊ नका. त्याऐवजी मी मनातल्या मनात नाशिकरोड ते सीबीएस बसने जातो: बिटको, दत्तमंदिर, उपनगर, गांधीनगर, द्वारका, शालिमार. प्रत्येक थांब्यावर कोणती दुकानं, कुठलं झाड, रिक्षा कुठे उभ्या असतात, ते डोळ्यांसमोर आणतो. चित्रं बघत असताना हिशेब मांडता येत नाही. बहुतेक वेळा द्वारकेच्या चौकापुढे माझी गाडी जात नाही.

झोप लागलीच नाही आणि अंदाजे वीस मिनिटं झाली असं वाटलं, तर उठा. ही गोष्ट कोणालाच पटत नाही. "पडून राहा, आराम तरी मिळेल," असं माझी आई म्हणायची आणि मी दोन-दोन तास तळमळत पडायचो. तसं रोज केलं की अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, हे शरीर शिकतं आणि पाठ टेकताच जागं होतं. बैठकीत एक खुर्ची आणि शाल संध्याकाळीच ठेवा, कारण थंडीच्या दिवसांत गार फरशीच्या भीतीनेच माणूस उठत नाही. छोटा पिवळा दिवा लावा, लसूण सोला किंवा जुना दिवाळी अंक चाळा. टीव्ही नको, चहा नको. परत कधी जायचं? अंग थकलं म्हणून नाही, थकवा असूनही झोप येत नाहीच. पापण्या जड होऊन त्याच ओळीवर दोनदा नजर फिरली, की जा. पुन्हा जाग राहिली तर पुन्हा उठा. पहिल्या आठवड्यात मी एका रात्रीत तीनदा उठलो आहे.

दिवसाचं थोडक्यात: चार वाजल्यानंतर चहा बंद. झोपेसाठी दारू घेऊ नका, ती उतरायला लागली की उत्तररात्री हमखास जाग आणते. उद्याची कामं संध्याकाळी सातला वहीत लिहा, प्रत्येकापुढे पहिली पायरी लिहा: "बँकेत फोन, ११ वाजता." रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठा, दुपारी भरपाई करू नका.

भाच्याला नीट जमायला साडेतीन आठवडे लागले. त्यातला दुसरा आठवडा सर्वांत वाईट गेला, कारण दिवसा डोळे मिटत होते आणि मी झोपू देत नव्हतो. आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त असं होत असेल आणि तीन महिने उलटले असतील, तर मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धती मिळेल का, हे थेट विचारा. जाणं जमत नसेल तर सरकारी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.