मोठ्या खरेदीदाराला मालाची माहिती पाठवताय? या चुका टाळा

आमच्या गटाने पहिल्यांदा मोठ्या खरेदीदाराला कांद्याची माहिती पाठवली तेव्हा मेसेजमध्ये एवढंच होतं, ए ग्रेड कांदा, 20 टन तयार. त्याने होकार दिला, गाडी भरायला घेतली आणि प्रतवारी केल्यावर कळलं की ए ग्रेड भरतोय फक्त 11 टन! मधला 5 टन आणि उरलेल्या 4 टनांत गोल्टी, जोडकांदा, मोड आलेला असं सगळं.

चूक कुठे झाली? प्रत्येकाने आपापल्या चाळीचा अंदाज सांगितला आणि आम्ही नुसती बेरीज केली. आता ऑफर पाठवायच्या आधी प्रत्येक सभासदाच्या ढिगातून वरून, मधून आणि तळातून काढून 10 किलोचा नमुना घेतो (तळातला घ्याच, सडका तिथेच सापडतो) आणि रिंगमधून साइज बघून वेगळा करून तोलतो. 10 किलोत 45 मिमीच्या वरचा साडेपाच किलो निघाला की त्या ढिगात ए ग्रेड 55 टक्के. असा प्रत्येक ढिगाचा हिशोब लावून मग बेरीज. 11 टन निघाला तरी आम्ही 10 च लिहितो, कारण गाडी भरेपर्यंत थोडी तूट येतेच आणि कमी माल पाठवला की पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत.

आणि नुसतं 'ए ग्रेड' लिहू नका, प्रत्येकाचा ए वेगळा असतो. 45 मिमी आणि वर, मान सुकलेली, मोड नाही, साइजमध्ये कमी भरणारा माल वजनात 5 टक्क्यांपर्यंत चालेल, असं स्पष्ट लिहा. ती 5 टक्क्यांची ओळ नसली ना, तर चार बारके कांदे दाखवून अख्ख्या गाडीचा भाव पाडतात.

भावाचं तर सगळ्यात जास्त वांधं होतं. किलोला अमुक भाव एवढंच लिहिलं की समोरचा पोच भाव धरतो आणि आपण जागेवरचा, मग भाडं, हमाली कुणाची यावर गाडी उभी राहते. म्हणून भावाच्या शेजारीच लिहायचं, जागेवर की पोच, वजन कुठल्या काट्यावरचं धरायचं, बारदान वजा करून की धरून, पैसे किती दिवसांत आणि हा भाव कुठल्या तारखेपर्यंत. माल नापसंत असेल तर गाडी खाली करायच्या आधी फोटोसकट कळवायचं, हेही टाका, खाली झाल्यावर आपल्या हातात काहीच राहत नाही.

मधल्या ग्रेडचा भाव त्याच मेसेजमध्ये द्या. आम्ही दिला नव्हता, खरेदीदार ए घेऊन गेला आणि तो 5 टन सभासदांच्या चाळीतच पडून राहिला.