मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मुलांचे द्वैभाषिक नाटुकले कसे लिहावे

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवात मुलांच्या नाटुकल्याला सहसा पंधरा-वीस मिनिटे मिळतात. नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलाला त्यात काहीतरी बोलायला हवे असते. त्यामुळे आधी मुलांची यादी आणि वये हातात घ्यावीत, मगच गोष्ट निवडावी. गोष्ट अशी असावी की तिचा पेच एका वाक्यात सांगता येईल. येथे मी हिरकणीची आख्यायिका उदाहरणादाखल घेतो. दूध विकायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेला दरवाजा, गडाखाली घरी असलेले तान्हे बाळ आणि कड्यावरून रात्री उतरण्याचा तिचा निर्णय, एवढे कळले की बाकीचे सारे तपशील मुले आपोआप पेलतात.

या गोष्टीला आजची चौकट द्यावी. रायगडाचा रोपवे खालून हिरकणीवाडीपासूनच सुरू होतो. सुट्टीत भारतात आलेली ईशा आणि रोहन ही भावंडे आजोबांबरोबर गडावर आहेत आणि परतीच्या रोपवेची वेळ टळून गेली आहे, एवढी कल्पना पुरेशी आहे.

खरा कस लागतो तो कोणते वाक्य कोणत्या भाषेत लिहायचे हे ठरवताना. मलाही सर्वाधिक काळ याच टप्प्याने छळले. बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो तो असा की एक सूत्रधार ठेवा आणि त्याच्याकडून प्रत्येक मराठी वाक्याचा इंग्रजी अर्थ सांगून घ्या. हा सल्ला मुळीच मानू नये. त्यामुळे नाटुकल्याची लांबी दुप्पट होते, प्रत्येक गंमत दोनदा सांगितली जाऊन दोन्ही वेळा फसते आणि मंचावरची मुले अनुवाद संपण्याची वाट पाहत नुसती उभी राहतात. प्रत्येक वाक्य अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी लिहिण्याची दुसरी युक्तीही तितकीच वाईट आहे, कारण मग पात्रांना स्वतःची बोलीच उरत नाही.

याचे उत्तर या मुलांच्या घरातच आहे. आईवडील मराठीत विचारतात आणि मुले इंग्रजीत उत्तर देतात. कोणी कोणाला अनुवाद करून सांगत नाही, तरी संसार सुरळीत चालतो. नाटकात नेमके हेच करावे. प्रत्येक पात्राची भाषा पक्की ठरवावी आणि एका भाषेत बोललेल्या गोष्टीचा अर्थ दुसऱ्या भाषेतल्या प्रतिक्रियेतून उलगडू द्यावा. आमच्या उदाहरणात हिरकणी, पहारेकरी आणि आजोबा फक्त मराठी बोलतात, तर भावंडे फक्त इंग्रजी बोलतात. जुना प्रसंग मंचाच्या मध्यभागी घडतो आणि भावंडे एका कडेला उभी राहून तो पाहतात.

पहारेकरी : थांब! दरवाजा बंद झाला.
हिरकणी : दादा, माझं बाळ घरी आहे. सोडा मला.
पहारेकरी : नाही! सकाळपर्यंत नाही!
ईशा : टिल मॉर्निंग? बट हर बेबी इज ॲट होम!
आजोबा : मग आता ती काय करेल, सांग बघू.
रोहन : क्लाइंब डाउन. इन द डार्क.
आजोबा : त्या कड्यावरून? रात्री?

ईशाचे वाक्य अनुवाद नाही, ती चिडली आहे. तरीही ज्याला मराठी येत नाही अशा प्रेक्षकाला सकाळ, बाळ आणि घर या तिन्ही गोष्टी तिच्या चिडण्यातून समजतात. आजोबांच्या शेवटच्या प्रश्नातून रोहनचे म्हणणे आजीआजोबांपर्यंत पोचते. त्यांना इंग्रजी येत नाही असे नसते. मुलांचा वेग आणि उच्चार त्यांच्या कानांना पकडता येत नाहीत. म्हणून इंग्रजी वाक्ये तोकडी ठेवावीत आणि बेबी, मॉर्निंग, होम असे ओळखीचे शब्द वाक्यात ठळक ऐकू येतील अशा जागी ठेवावेत. भावंडांची वाक्ये पहिल्या वाचनात त्या मुलांनाच त्यांच्या पद्धतीने बोलून दाखवायला सांगावे आणि ती तशीच उतरवून घ्यावीत, कारण आपण लिहिलेली इंग्रजी वाक्ये त्यांच्या तोंडी पुस्तकी वाटतात.

मसुदा झाला की त्याच्या दोन प्रती काढाव्यात. एकीतली सगळी इंग्रजी वाक्ये काळी करावीत, दुसरीतली सगळी मराठी. पहिली प्रत भारतातून आलेल्या एखाद्या आजींना वाचायला द्यावी आणि दुसरी मराठी न येणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला, आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : बाई कड्यावरून का उतरली? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्या भाषेतली एक प्रतिक्रिया कमी पडली आहे असे समजावे. तेथे नवे स्पष्टीकरण न घालता पुढच्या पात्राला चिडायला, घाबरायला किंवा प्रश्न विचारायला लावावे.

मराठी वाक्ये लिहिताना पाच-सहा शब्दांवर जाऊ नये. त्याहून महत्त्वाचा धोका वाक्याच्या शेवटी असतो. मराठीत नकार बहुधा शेवटी येतो आणि इंग्रजीत वाढलेल्या मुलाचा आवाज नेमका तेथेच पडतो. "दरवाजा आता उघडणार नाही" यातला "नाही" सभागृहात विरून गेला की अर्थ उलटा होतो. म्हणून वरच्या प्रसंगात पहारेकऱ्याने नकार वाक्याच्या आरंभीच दिला आहे आणि शेवटी तो पुन्हा उच्चारला आहे.

दुसरी सावधगिरी लिंगाची. पहारेकरी आयत्या वेळी आजारी पडतो आणि त्याच्या जागी मुलगी उभी राहते, हे मंडळात नेहमीचेच आहे. "मी उघडतो" असे लिहिले असेल तर तिला पाठ केलेले वाक्य मोडावे लागते. "मी उघडणार", "मी उघडेन", "मी पाहिलं" ही रूपे मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालतात, म्हणून "मी आलो" किंवा "मी जाते" अशी रूपे शक्य तेथे टाळावीत. घरात आईचीच मराठी अधिक कानावर पडलेले मुलगे स्वतःविषयी "मी जाते" म्हणतात, ती अडचणही यामुळे मिटते.

उच्चारांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. मुलाच्या उच्चारावर हशा मिळवणारे वाक्य लिहूच नये. त्या हशात आईवडील सामील झाले की ते मूल पुढच्या वर्षी मंचावर यायला नकार देते. "तू" चा "टू" झाला तरी अर्थ कळतो, तेथे अडून बसू नये. ळ मात्र येथे महत्त्वाचा आहे, कारण "बाळ" हा शब्द वारंवार येतो. तेवढा एक उच्चार हिरकणी करणाऱ्या मुलीकडून पक्का करून घ्यावा आणि तिच्या इतर वाक्यांतून ळ असलेले शब्द काढून टाकावेत. एका मुलावर एका अवघड ध्वनीपेक्षा जास्त भार टाकू नये.

संहिता रोमन लिपीत द्यावी लागते, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. त्या लिपीत त आणि ट, द आणि ड एकाच अक्षराने लिहिले जातात. ट, ड, ण, ळ यांच्यासाठी मोठी अक्षरे आणि त, द, न, ल यांच्यासाठी लहान अक्षरे असा संकेत ठरवावा आणि प्रत्येक मुलाला त्याच्या वाक्यांचे ध्वनिमुद्रण वेगळे पाठवावे. संपूर्ण नाटकाचे एकच ध्वनिमुद्रण कोणी ऐकत नाही. मुद्रण सावकाश बोलून करू नये, मंचावर हव्या त्याच गतीने करावे, कारण मुले चालीसकट पाठ करतात आणि ती चाल नंतर सुटत नाही.

वेशभूषा आणि गाणी पालकांवर सोपवावीत. ध्वनिक्षेपक कमी असतील तर बोलणारे पात्र त्याच्यापाशी येईल अशी कारणे संहितेतच लिहावीत. पहारेकरी हिरकणीला अडवायला पुढे येतो ते त्यासाठीच. पहिल्या वाचनाला घड्याळ लावावे आणि मिळालेल्या वेळेच्या तीन-चतुर्थांशात वाचन संपले नाही तर आजोबांची वाक्ये आधी कापावीत, कारण मोठ्यांची वाक्ये लिहिताना हात सैल सुटलेला असतो. मुलांचे एकही वाक्य कापण्यापूर्वी त्या मुलाची वाक्ये मोजावीत आणि त्याच्याकडे निदान दोन तरी उरतील हे पाहावे.